रात्री उठवणारी खाज आणि कोणी न पाहिलेली कातडी

*मॅडम, माझं वय 62. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. दोन वर्षांपासून लघवीच्या जागेच्या आसपास फार खाज सुटते, रात्री तर झोपच लागून नाही राहिली. खाजवलं की कातडी फाटते आणि मग लघवी झोंबते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आमच्या डॉक्टरांनी फंगल आहे म्हणून आठवड्याची गोळी चार-पाच वेळा दिली. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली, ती लावली की चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अजून कोणी तपासलं नाही. मीच नको म्हणते, या वयात काय दाखवायचं! परवा आरशात पाहिलं तर कातडी पांढरी पडल्यासारखी दिसली. कोड तर नसेल? मिस्टरांना लागण होईल का? जाऊबाई म्हणतात, याचा पुढे कॅन्सर होतो. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.*
*— एक वाचक, मानेवाडा, नागपूर*

ताई, आधी तुमच्या मिस्टरांबद्दल सांगते. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझ्या मनात जो आजार येतो, तो संसर्गाचा नाही. तो कोणाकडून लागत नाही आणि कोणाला देताही येत नाही. त्याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. हा कातडीचा आजार आहे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्या भागातल्या कातडीवर उलटते, असं आज मानलं जातं. हा आजार असलेल्या बायकांमध्ये थायरॉइडचे आजार आणि कोड इतरांपेक्षा जास्त आढळतात, तेही याच कारणाने. पाळी गेल्यानंतरच्या वयात तो सर्वांत जास्त दिसतो. अस्वच्छतेशी किंवा वागणुकीशी त्याचा काही संबंध नाही.

पण हे निदान मी पत्रावरून करत नाही, आणि तुम्हीही करू नका. खाजेचं वर्णन ऐकून निदान ठरवलं गेलं, कातडी मात्र कोणी पाहिलीच नाही, म्हणूनच तुमची दोन वर्षं गेली. आठवड्याची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना फक्त दोष देऊन उपयोग नाही. शुगर असलेल्या बाईला खाज सुटली की बुरशीचा संसर्ग आठवणं साहजिक आहे. पहिल्या वेळी ते चालूनही जातं. दुसऱ्या वेळी तीच गोळी लिहिण्याआधी मात्र तपासायला हवं होतं. पाळी गेल्यावर योनीमार्गातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि तिथे बुरशी सहज वाढत नाही. शुगर ताब्यात नसेल, नुकतेच अँटिबायोटिक घेतले असतील किंवा इस्ट्रोजेनचं औषध चालू असेल, तर ती होऊ शकते. आणखी एक कारण हल्ली फार दिसतं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्या साखरेवर बुरशी पोसली जाते. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर यातलं एखादं नाव असेल तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आता त्या ट्यूबविषयी. ती लावल्यावर चार दिवस बरं वाटतं, ही तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती आहे. दुकानातून अशा वेळी जी ट्यूब मिळते ती बहुतेकदा मिश्रणाची असते. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि एक स्टेरॉइडही असतं. खाज कमी करतं ते स्टेरॉइड. आराम पडला की घरात ठरतं, फंगलच होतं. पण लायकेन स्क्लेरोससची खाजही त्याच स्टेरॉइडने कमी होते, आणि चार दिवसांत थांबवल्यामुळे परत येते. उलट खराच नायटा असेल, तर या ट्यूबने खाज थांबते पण नायटा मांडीवर, जांघेत पसरत जातो आणि त्याची कडाही नीट ओळखू येत नाही. म्हणजे एकाच ट्यूबने दोन्ही आजार झाकले जातात. एका आजारात स्टेरॉइड हवं असतं, पण पुरेसं आणि नियमाने. दुसऱ्यात ते अजिबात नको असतं. हे ठरवायचा एकच मार्ग आहे, उजेडात कातडी पाहणे.

डॉक्टर काय पाहतील ते सांगते, म्हणजे मनातली भीती थोडी कमी होईल. लायकेन स्क्लेरोससमधली कातडी पांढुरकी, पातळ आणि बारीक सुरकुत्यांची होते, कांद्याच्या वाळक्या पापुद्र्यासारखी. कोडातही रंग जातो, पण कातडीचा पोत बदलत नाही आणि सहसा खाजही नसते. म्हणून तुमच्या 'कोड तर नसेल?' या प्रश्नाचं उत्तर बोटाने कातडी हलकेच ताणून पाहिल्यावर बरंचसं मिळतं. या आजाराचा पांढरा पट्टा अनेकदा पुढून मागे गुदद्वाराभोवती जातो आणि एकूण आकार 8 च्या आकड्यासारखा दिसतो. खाजवल्याने आत रक्त साकळून लाल-जांभळे ठिपके पडतात. योनीमुखाच्या मागच्या कडेला किंवा गुदद्वाराजवळ बारीक चिरा असतात. तुम्हाला लघवी झोंबते ती याच चिरांमुळे असू शकते. काही बायकांना शौचाच्या वेळी दुखतं, मग त्या मूळव्याध समजून वेगळीच औषधं घेत बसतात.

आणि एक गोष्ट हळूहळू, न दुखता होते. आतले लहान भगोष्ठ, म्हणजे योनीमुखाच्या दोन बाजूंच्या कातडीच्या पातळ पाकळ्या, झिजतात आणि बाहेरच्या कातडीला चिकटून सपाट होतात. पुढे शिश्निकेवरची, म्हणजे लघवीच्या जागेच्या वरच्या संवेदनशील उंचवट्यावरची, कातडी चिकटून ती झाकली जाते, योनीमुख आवळतं, संबंध दुखतात किंवा अशक्य होतात. ही झीज एकदा झाली की कोणत्याही मलमाने परत भरून येत नाही. उशीर करू नका असं मी म्हणते त्याचं पहिलं कारण हेच आहे. कॅन्सरचा मुद्दा त्यानंतरचा.

हा सगळा बदल बाहेरच्या कातडीवर होतो, योनीमार्गाच्या आत नाही. त्यामुळेच तो नजरेतून सुटतो. बाई तपासायला तयार झाली, तरी डॉक्टर यंत्र घालून आत पाहतात, गर्भाशयाच्या मुखाचा नमुना घेतात, सोनोग्राफी लिहितात. रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात आणि बाई खाज घेऊन घरी परतते. या तपासण्यांमध्ये हा आजार दिसणारच नसतो. म्हणून तुम्ही स्वतः सांगायचं: "मॅडम, आतून नाही, बाहेरची कातडी पाहा. मागे शौचाच्या जागेपर्यंत पाहा."

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चौसष्ट, मधुमेह दहा वर्षांचा, खाज तीन वर्षांची. त्यांनी बुरशीच्या गोळ्या घेतल्या होत्या, तीन वेगवेगळ्या ट्यूबा लावल्या होत्या, आणि जंतू मरावेत म्हणून रोज कोमट पाण्यात जंतुनाशक द्रव टाकून ती जागा धूत होत्या. हसताना-खोकताना लघवीचे थेंब जात, म्हणून दिवसभर पॅड लावत. तपासल्यावर दोन्ही बाजूंना पांढरी पातळ कातडी दिसली, डावा लहान भगोष्ठ जवळजवळ नाहीसा झालेला, मागच्या कडेला एक ताजी चीर, आणि उजवीकडे वाटाण्याएवढी एक जाड, खरखरीत जागा. आम्ही बुरशीसाठी नमुना घेतला, त्यात बुरशी निघाली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉइड तपासलं. जंतुनाशक द्रव, साबण, जुन्या ट्यूबा सगळं त्याच दिवशी बंद केलं. आणि मग दिलं एक स्टेरॉइडचं मलम, क्लोबेटासोल प्रोपिओनेट 0.05 टक्के. या मलमाला तुमच्या दुकानातल्या मिश्रणाशी गोंधळू नका. यात फक्त एकच औषध असतं.

ते कसं लावायचं याचा एक नेहमीचा क्रम आहे. पहिले चार आठवडे रोज रात्री एकदा, पुढचे चार आठवडे एक रात्र आड, त्यानंतरचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा. एका वेळी किती? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी काढा, ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. बहुतेकींना त्याच्या निम्मंही पुरतं. पूर्ण पट्टी लावली तरी या तीन महिन्यांत पन्नास वेळा लावून पंचवीस ग्रॅम होतं. म्हणून 30 ग्रॅमची ट्यूब तीन महिन्यांत संपली नाही तर बिघडत नाही. महिन्यातच संपली, तर मात्र ते जास्त लागतंय किंवा चुकीच्या जागी लागतंय. लावायचं ते पांढऱ्या, सुरकुतलेल्या कातडीवर, घड्यांमध्ये आणि शिश्निकेच्या आसपास, आणि मागे पट्टा असेल तर तिथेही. योनीमार्गात आत नाही, मांडीवर आणि जांघेच्या चुणीत नाही, कारण तिथली निरोगी कातडी पातळ पडते. शक्य असेल तर क्रीमऐवजी ऑइंटमेंट घ्यावं, फाटलेल्या कातडीला ते कमी झोंबतं.

इथेच बहुतेक उपचार फसतात. ट्यूबच्या पाकिटावर किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, हे औषध नाजूक जागी लावू नये. मुलगा किंवा सून तो कागद वाचते, दुकानदारही म्हणतो, "काकू, हे फार स्ट्राँग आहे, चेहऱ्याला आणि खालच्या जागेला नको." बाई घाबरते, दोन बोटं लावून ट्यूब कपाटात ठेवते. तो इशारा मनाने वापरणाऱ्या लोकांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो बरोबरच आहे. तपासून निदान झालेल्या लायकेन स्क्लेरोससवर मात्र हेच जोरकस स्टेरॉइड जगभर पहिला उपचार म्हणून वापरलं जातं. सौम्य स्टेरॉइड इथे पुरत नाही. निदान झाल्यावर डॉक्टरांना विचारून घ्या, ट्यूबवर ऑइंटमेंट लिहिलंय ना, यात दुसरं औषध मिसळलेलं नाही ना. एवढं कळलं की घरच्यांच्या भीतीपुढे तुम्ही टिकाल.

त्या बाईंना तीन आठवड्यांत झोप लागू लागली. तीन महिन्यांनी चीर भरली होती, कातडी मऊ झाली होती, पांढरेपणा थोडा कमी होता, पूर्ण गेला नव्हता. तो कधी कधी राहतो, आणि त्याने काही बिघडत नाही. डावा भगोष्ठ परत आला नाही. पण उजवीकडची ती जाड जागा तशीच होती, म्हणून तिचा बायोप्सीचा नमुना घेतला. भूल देणारं एक बारीक इंजेक्शन, चार मिलिमीटरचा गोल तुकडा, एक टाका, दहा-पंधरा मिनिटांचं काम. रिपोर्टमध्ये सततच्या खाजवण्याने कातडी जाड झाली होती, एवढंच निघालं. कॅन्सर किंवा त्याच्या आधीचा बदल नव्हता. मग त्यांनी त्या जागेवरही मलम चालू ठेवलं, आणि आता आठवड्यातून एक-दोनदा लावतात. हे लावणं थांबवायचं नसतं. आजार बरा होऊन नाहीसा होत नाही, दबून राहतो. मलम पूर्ण बंद केलं की बहुतेकींना काही महिन्यांत खाज परत येते, आणि खाज नसतानाही आतली झीज चालू राहू शकते.

आता जाऊबाईंचं. त्या चुकीचं बोलल्या असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. या आजारात बाह्य जननेंद्रियाच्या कातडीचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. तरी तो 5 टक्क्यांहून कमी बायकांना होतो, आणि तोही मुख्यतः आजार वर्षानुवर्षं उपचाराविना राहिला तर. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 507 बायकांच्या पाठपुराव्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या 357 जणी सांगितल्याप्रमाणे मलम लावत राहिल्या, त्यांच्यात त्या काळात एकीलाही कॅन्सर किंवा त्याआधीचा बदल झाला नाही. ज्या 150 जणी अधूनमधून लावत होत्या, त्यांच्यात सात जणींना झाला. दोन्ही गटांतल्या बायका आपापल्या सवयीने वेगळ्या झाल्या होत्या, कोणी त्यांना गटात घातलं नव्हतं, म्हणून हे शंभर टक्के सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण नियमाने मलम लावत राहायला हे कारण मला पुरेसं वाटतं.

तुम्ही वाट पाहू नये अशी चिन्हं वेगळी आहेत. हाताला लागणारी कडक गाठ, महिनाभरात न भरणारी जखम, चामखिळीसारखी वाढत जाणारी जागा, नवा काळसर डाग, किंवा मलम लावूनही जराही न बदलणारी जाड कातडी. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा आणि बायोप्सीबद्दल स्वतः विचारा. कपड्यावर रक्ताचा डाग दिसला तर 'खाजवल्याने आलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. चिरेतून रक्त येऊ शकतं, हे खरं. पण पाळी गेल्यानंतर आलेलं रक्त गर्भाशयातूनही असू शकतं, म्हणून त्याची सोनोग्राफी वेगळी करावी लागते.

लायकेन स्क्लेरोससच असेल असं नाही, म्हणून दुसऱ्या शक्यताही थोडक्यात सांगते. पाळी गेल्यावर योनीचा ओलावा कमी होऊन कोरडेपणा येतो. त्यात आग आणि टोचणं जास्त असतं, खाज कमी. त्याला इस्ट्रोजेनचं स्थानिक क्रीम किंवा गोळी असते. ते लायकेन स्क्लेरोसस बरा करत नाही, पण दोन्ही एकत्र असू शकतात, आणि मग दोन्ही औषधं लागतात. साबण, पावडर, सुवासिक वॉश, पॅड आणि लघवीचे थेंब यांनी कातडी लाल होऊन सुजते, ही दुसरी शक्यता. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण सत्तरी जवळ आलेल्या कितीतरी जणी लघवी गळते हे सांगत नाहीत आणि वर्षानुवर्षं पाळीचे पॅड लावत राहतात. ते पॅड ओली कातडी दिवसभर दाबून धरतात. गळणं आहे तर त्याचाही उपचार मागा. सोरायसिस आणि लायकेन प्लेनस हे आणखी दोन आजार. लायकेन प्लेनस योनीच्या आतही जातो आणि तोंडातही फोड-जखमा करतो, म्हणून डॉक्टर तुम्हाला तोंड उघडायला सांगतील. दचकू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये घामाने हे सगळं चढतं. या दिवसांत करायचं फार थोडं आहे. ती जागा नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, मिठाचं किंवा कडुनिंबाचं पाणी नको, जंतुनाशक तर अजिबात नको. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. लघवी झोंबत असेल तर जाण्याआधी चिरेवर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, लघवी कातडीला थेट लागत नाही. नखं कापून ठेवा, कारण झोपेतलं खाजवणं जागेपणी थांबवता येत नाही. सुती चड्डी, सैल सलवार, आणि रात्री चड्डीशिवाय झोपलात तर उत्तम.

कुठे जायचं? नागपुरात यासाठी महागडं हॉस्पिटल लागत नाही. मेडिकलला, मेयोला किंवा मिहानच्या एम्समध्ये त्वचारोग आणि स्त्रीरोग असे दोन्ही विभाग आहेत, स्त्रीरोगासाठी डागा हॉस्पिटलही आहे. यातला कोणताही एक विभाग निवडा. या आजाराची ओळख त्वचारोगतज्ज्ञांना जास्त असते, म्हणून स्त्रीरोगात तपासूनही काही कळलं नाही तर त्वचारोगाकडे जा, किंवा उलट. ओपीडीत "लेडी डॉक्टर पाहतील का?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पडद्यामागे तपासणीच्या वेळी तुमची सून किंवा बहीण सोबत राहू शकते. तुमचे मिस्टर सोबत येणार असतील तर बाहेर थांबतील. तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि यंत्र आत घालायची गरज बहुतेकदा पडत नाही. नको असेल तर तसं सांगा.

संबंधांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगते. जोवर चिरा आहेत तोवर थांबा. मलमाने त्या भरल्यावर वंगण जेल वापरून पुन्हा प्रयत्न करता येतो. रात्री मलम लावलं असेल तर त्याच रात्री नको, म्हणजे मिस्टरांच्या कातडीला औषध लागणार नाही.

जायच्या दिवशी सकाळी कोणतंही क्रीम लावू नका, नाहीतर कातडी चमकते आणि बारीक चिरा दिसत नाहीत. जुन्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या का असेनात, पिशवीत घ्या, मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं आणि आधीच्या चिठ्ठ्या घ्या. तारीख, नाव आणि किती दिवस लावलं हे कागदावर लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना त्या ट्यूबांमध्ये स्टेरॉइड होतं का, ते लगेच कळेल. निदान लायकेन स्क्लेरोससचं निघालं तर त्याच दिवशी तीन महिन्यांनी दाखवायची तारीख मागून घ्या, आणि सगळं ठीक असलं तरी त्यानंतर वर्षातून एकदा जात राहा.